तयार पडदा की शिवलेला? उत्तर खिडकीगणिक वेगळे

नशिराबादच्या घरात पडदे लावायचे ठरले की माणूस सहसा दहा-एक किलोमीटरवरच्या जळगावला फुले मार्केटच्या परिसरात जातो, नाहीतर दुसऱ्या बाजूला भुसावळ गाठतो. अलीकडे फोनवरूनही मागवतो. कुठेही गेले तरी त्याच्यापुढे दोन भाव येतात. एक भाव पाकिटातल्या जोडीचा: चार फूट रुंद, सात फूट उंच, दोन नग, रिंगा लावलेले, आजच घरी न्या. दुसरा भाव ताग्यावरच्या कापडाचा: मीटरला इतके, शिलाई वेगळी, अस्तर हवे असेल तर तेही वेगळे. पहिला आकडा स्वस्त वाटतो, कारण तो पूर्ण वस्तूचा आहे. दुसरा महाग वाटतो, कारण त्यात पुढे काय काय मिळवायचे हे अजून ठरलेले नसते. पण हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना होतच नाही. पाकिटावरचा भाव नगाचा असतो, मीटरचा भाव लांबीचा असतो, आणि घराला झाकायची असते खिडकी. तुलना खिडकीला धरून करावी लागते. तशी ती केली की एकाच घरातल्या दोन खिडक्यांची उत्तरे वेगळी येतात, आणि पुऱ्या घराचे पडदे एकाच पद्धतीने घेण्याचा आग्रह हाच खर्च वाढवणारा ठरतो, असे माझे मत आहे.

सगळ्यात मोठी गफलत रुंदीत होते. पडदा खिडकीइतकाच रुंद असेल तर तो बंद केल्यावर चादरीसारखा सपाट ताणला जातो, कडेने उजेड येतो आणि चुण्या पडत नाहीत. चुण्या शोभेपुरत्या नसतात. दुमडलेले कापड एका थराऐवजी ठिकठिकाणी दोन-तीन थरांचे काम करते, आणि पडदा सरळ खाली पडतो तोही त्याच वजनामुळे. म्हणून रिंगच्या पडद्याला रॉडच्या लांबीच्या दुप्पट कापड हा सर्वसाधारण नियम आहे; जाड कापडाला दीडपटीपर्यंत चालून जाते. आता सहा फुटी खिडकी घ्या. रॉड दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच पुढे काढला, म्हणजे उघडलेला पडदा काचेवर न राहता भिंतीवर जातो, तर रॉड ८८ इंचांचा होतो. दुप्पट म्हणजे १७६ इंच. पाकिटातला चार फुटी नग कडा दुमडून झाल्यावर ४६ इंचांच्या आसपास भरतो. म्हणजे चार नग लागतात, दोन पाकिटे. ज्याने एकच जोड घेतली त्याच्याकडे ८८ इंचांच्या रॉडवर ९२ इंच कापड आले. शेजारच्या दुकानात कारागिराने याच खिडकीला दहा मीटर कापड सांगितले की हाच माणूस म्हणतो, शिवून घेणे फारच महाग. पण कारागिराने चार पाट मोजले आणि गिऱ्हाइकाने दोन.

दुसरी गफलत उंचीत होते, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा रॉडमध्ये असते. लोक आधी पडदा घेतात, मग रॉड, आणि रॉड कुठे ठोकायचा हे ड्रिल घेऊन आलेला माणूस ठरवतो. खरे तर पडद्याची लांबी रॉडने ठरते, म्हणून रॉड आधी बसवून मग माप घ्यायला हवे. आजच्या सिमेंटच्या घरात खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून साधारण सात फुटांवर असतो. रॉड त्याच्या सहा इंच वर घेतला तर तो साडेसात फुटांवर, म्हणजे ९० इंचांवर येतो. रिंगच्या पडद्याचा वरचा काठ रॉडच्या दीडेक इंच वर राहतो आणि खालचा काठ फरशीपासून इंच-दीड इंच वर हवा, नाहीतर झाडताना-पुसताना तो मळतो; म्हणजे जमिनीपर्यंतचा तयार पडदा ९० इंचांचाच हवा. बाजारात मात्र लांब्या ठरलेल्या आहेत: खिडकीसाठी पाच फूट, दारासाठी सात, लांब दारासाठी नऊ. सात फुटी घेतला तर तो सहा इंच आखूड पडतो आणि फरशीपासून उंच लोंबतो. नऊ फुटी घेतला तर दीड फूट कापून टाकावे लागते. काही जण सात फुटी पडद्यासाठी रॉडच खाली उतरवतात. मग पडद्याचा वरचा काठ काचेला जेमतेम झाकतो आणि उजेड तिथूनच आत येतो.

ही सहा फुटी खिडकी पश्चिमेची आहे, बैठकीच्या खोलीतली आहे असे धरून हिशेब पुरा करू. भाव गावोगाव आणि कापडागणिक वेगळे असतात. इथे मी मधल्या प्रतीच्या पॉलिएस्टर कापडाचे भाव हिशेबापुरते धरतो, वाचकाने आपल्या दुकानातले आकडे त्या जागी घालावेत. ४८ इंच पन्ह्याचे कापड मीटरला २५० रुपये. एका पाटाला ९० इंच तयार लांबी, वर कॅनव्हासच्या पट्टीसाठी आणि खाली दुमडीसाठी मिळून दहा इंच, म्हणजे १०० इंच, २.५४ मीटर. चार पाटांना सव्वादहा मीटरच्या आत, साधारण २,५५० रुपये. रिंगांसकट शिलाई पाटाला १८० धरली तर ७२० रुपये. अस्तराशिवाय पडदा पडला ३,२७० रुपयांना. तयार पडद्यात नऊ फुटी जोड १,४०० रुपयांना धरली तर दोन जोड्यांचे २,८००, आणि चार नग आखूड करून घ्यायला नगाला ६० प्रमाणे २४०, एकूण ३,०४०. दुकानात पहिल्या नजरेला १,४०० विरुद्ध ३,२७० दिसणारा फरक प्रत्यक्षात २३० रुपयांचा निघाला. अस्तर लावले तरी हा फरक तेवढाच राहतो, कारण अस्तर दोघांनाही तितकेच लागते: पावणेदहा मीटरच्या आत, मीटरला १२० प्रमाणे साधारण १,१६०, आणि जोडण्याची मजुरी पाटाला १०० प्रमाणे ४००. तयार पडदा अस्तरासकट ४,६०० रुपयांना आणि शिवलेला ४,८३० रुपयांना. पाच टक्के जास्त देऊन कापड आपल्या पसंतीचे, लांबी नेमकी आणि तळाची दुमड हवी तेवढी मिळत असेल तर या खिडकीला मी शिवून घेणेच पसंत करीन.

त्याच घरातली झोपायच्या खोलीची खिडकी मात्र उलट उत्तर देते. चार फूट रुंद, चार फूट उंच, खालचा काठ जमिनीपासून तीन फुटांवर. अशी खिडकी नव्या घरांत सर्रास असते. रॉड वरच्या काठाच्या चार इंच वर, पडदा खालच्या काठाच्या सहा इंच खाली, आणि रॉडवरचा दीड इंच. हे सगळे मिळून साठ इंचांच्या आसपास येते, म्हणजे बरोबर पाच फूट. पाकिटातला पाच फुटी पडदा जणू याच खिडकीसाठी कापलेला आहे. रॉड पाच फुटांचा, त्यावर दोन नगांचे ९२ इंच, म्हणजे दीडपट; जाडसर पॉलिएस्टरला पुरते. जोड ७०० रुपयांना धरली तर तेवढ्यावर काम संपले. शिवून घ्यायचे तर पाटाला ७० इंच, दोन पाटांना साडेतीन मीटरहून थोडे जास्त, ८९० रुपयांचे कापड आणि ३६० रुपये शिलाई, १,२५० रुपये. इथे शिवलेला पडदा जवळजवळ पाऊणपट अधिक महाग पडतो आणि त्याबदल्यात वेगळे काही मिळत नाही.

असे का होते हे समजले की दरवेळी कागद-पेन्सिल घ्यावी लागत नाही. कारागिराची मजुरी पाटावर असते, लांबीवर फारशी नसते. रिंगा बसवायला पाच फुटी पाटाला आणि साडेसात फुटी पाटाला तेवढाच वेळ जातो. म्हणून पाट जितका लहान तितका शिलाईचा वाटा मोठा. तयार पडदा एकाच मापाचा हजारोंनी कापला जातो, तिथे शिलाईचा वाटा अगदी पातळ होतो. सुरतेची पॉलिएस्टर कापडे आणि पानिपतचा घरसजावटीचा माल या मागेच उभा आहे, आणि सुरत तर खानदेशाला थेट रेल्वेने जोडलेली, म्हणून इथे माल ताजा आणि स्पर्धाही चांगली. पण हा फायदा माप जुळते तोपर्यंतच टिकतो. माप चुकले की कापलेले कापड आणि आखूड करण्याची मजुरी तो फायदा खाऊन टाकते. कराने मात्र या तुलनेत फारसा फरक पडत नाही: २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार पडद्यावर ५ टक्के जीएसटी आहे, मीटरच्या कापडावरही ५ टक्केच आहे; त्याहून महाग नगावर तो १८ टक्के होतो, आणि इतका महाग नग घेणाऱ्याने तेवढ्यापुरते लक्ष ठेवावे.

आता अस्तराकडे येतो, कारण खानदेशात खरा प्रश्न तिथे आहे. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य इथे भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. म्हणजे पारा ४४-४५ अंशांवर असतो त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळजवळ शिरतच नाही. दीड फुटाचा छज्जा तिला पुरून उरतो. ऊन शिरते पूर्वेला सकाळी आणि पश्चिमेला दुपारी तीननंतर, आणि तेव्हा सूर्य खाली आलेला असतो. चार वाजता तो क्षितिजापासून चाळीस अंशांच्या आसपास असतो. दीड फुटाचा छज्जा तेव्हा पश्चिमेच्या खिडकीचा वरचा सव्वा फूटच झाकतो, आणि साडेपाचला अर्धा फूट. राहिलेली सगळी काच उघडी. शिवाय सूर्य त्या दिवसांत नेमका पश्चिमेला मावळत नाही, वायव्येकडे सरकलेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीतही संध्याकाळी तिरपे ऊन येते. अस्तराचा पैसा घरभर सारखा वाटणे यासाठीच चूक आहे. तो पश्चिमेच्या खिडकीवर घालावा. दक्षिणेच्या खिडकीला उन्हाळ्यात त्याची गरज नाही, आणि हिवाळ्यात तिथून येणारे ऊन हवेसे असते.

पण कोणते अस्तर? इथे तयार पडद्यांच्या जाहिरातीत दोन गोष्टी एकत्र केल्या जातात. ब्लॅकआऊट म्हणून मिळणारा तयार पडदा बहुतेक वेळा तीन पदरी विणीचा असतो. दोन बाजूंच्या रंगीत धाग्यांमध्ये काळा धागा विणलेला असतो. तो उजेड अडवतो. मोबाइलचा टॉर्च कापडामागे धरला तर प्रकाशाचा ठिपका मोठा आणि स्पष्ट दिसतो की जेमतेम जाणवतो यावरून त्याची प्रत दुकानातच कळते. पण उजेड अडवणे म्हणजे उष्णता अडवणे नव्हे. काचेतून आत आलेले ऊन पडद्यावर पडते. पडद्याची काचेकडची बाजू पांढरी असेल तर त्यातले बरेचसे ऊन परत काचेतून बाहेर जाते. ती मरून किंवा गडद निळी असेल तर कापड ते शोषून घेते, स्वतः तापते आणि ती ऊब खोलीत सोडते. तीन पदरी तयार पडदा दोन्ही बाजूंनी एकाच रंगाचा असतो, आणि गिऱ्हाईक खोलीच्या रंगसंगतीसाठी गडद रंग निवडते. अंधार होतो, खोली मात्र तापतच राहते. दुपारी चारला अशा पडद्याच्या आतल्या बाजूवर हात टेकवून बघावा, लगेच कळते. शिवलेल्या पडद्याला पांढरे अस्तर लावले की खोलीकडे हवा तो रंग आणि काचेकडे पांढरा, दोन्ही साधते. तयार पडद्यात ही सोय क्वचित मिळते. पूर्ण अंधार हवा असेल, लहान मूल किंवा रात्रपाळी करून दिवसा झोपणारे माणूस असेल, तर अस्तर लेप दिलेल्या ब्लॅकआऊट कापडाचे घ्यावे. ते पांढरे मिळते. मात्र ते जड असते, घडी जिथे पडते तिथे लेपाला कालांतराने चिरा जातात, आणि ते पिळता येत नाही.

यावर एक योग्य आक्षेप आहे: आतला पडदा कितीही चांगला असला तरी ऊन काचेच्या आत आल्यावरच तो अडवतो, खरा उपाय बाहेरचा. हे बरोबर आहे. काचेबाहेर लावलेली बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, पुढे काढलेले पत्र्याचे छत, एखादे झाड, यातले काहीही आतल्या कुठल्याही अस्तरापेक्षा जास्त काम करते, कारण उष्णता घरात येण्याआधीच थांबते. ज्याला बाहेर काही लावता येते त्याने आधी ते लावावे आणि मग आत साधा तयार पडदा घ्यावा. त्याला अस्तराच्या दीड हजाराची गरज नाही. पण महामार्गाकडे तोंड असलेल्या घरात बाहेरची चिक धुळीने काही महिन्यांत भरते, भाड्याच्या घरात बाहेर काही ठोकता येत नाही, वरच्या मजल्यावर वावटळीत ती टिकत नाही. अशा खिडक्यांसाठी अस्तर आहे. आणि तेही नीट लागू पडायचे तर पडदा भिंतीला शक्य तितका जवळ आणि दोन्ही बाजूंनी काचेबाहेर आलेला हवा. नाहीतर पडदा आणि काच यांच्यामधली तापलेली हवा वरून खोलीत येते, खालून थंड हवा आत ओढली जाते, आणि पडद्यामागे एक छोटी चूलच चालू राहते.

दुसरी गोष्ट कूलरची, आणि खानदेशातल्या पडद्यांचा हिशेब कूलरशिवाय पुरा होत नाही. मार्च ते जून एका खिडकीत कूलर असतो. त्या खिडकीचा पडदा दिवसभर बाजूला बांधलेला असतो, पाण्याचे तुषार उडून त्यावर डाग पडतात, ओलीने खालचा काठ काळवंडतो. तिथे अस्तराचा, जमिनीपर्यंत येणारा, शिवलेला पडदा म्हणजे पैसे वाया. पाच फुटी तयार जोड लावावी, हंगाम संपला की धुवावी, दोन वर्षांनी बदलावी. त्याचबरोबर कूलर आत ढकलतो तेवढी हवा बाहेर पडायला समोरची खिडकी किंवा दार उघडे लागते; नाहीतर खोलीत दमट कोंदट वाटते. समोरची ती खिडकी नेमकी पश्चिमेची असेल तर जाड पडदा ओढून घेतल्यावर कूलरचे काम निम्मे होते. अशा घरात दुपारी हवा दुसऱ्या दारातून काढावी आणि पश्चिमेची खिडकी संध्याकाळी ऊन उतरल्यावर उघडावी. पडदा घेण्याआधी कूलर कुठे बसतो आणि हवा कुठून जाते हे बघितले तर निम्मे निर्णय आपोआप होतात.

शिवलेला पडदा म्हणजे पक्का आणि तयार म्हणजे कच्चा असाही एक समज आहे. मला तो पटत नाही. तयार पडद्यात दोष काय असतात ते पाकीट उघडून पाहता येते: खालची दुमड एकपदरी आणि अर्ध्या इंचाची आहे की दोनपदरी आणि तीन-चार इंचांची, वरच्या पट्टीत कॅनव्हास आहे की नुसते कापड दुमडले आहे, रिंगा दाबल्यावर हलतात का, दोन्ही नगांची लांबी एकावर एक ठेवल्यावर जुळते का. रिंगा सम संख्येत हव्यात, सहसा आठ; विषम असल्या तर पडद्याची एक कड भिंतीकडे वळते आणि दुसरी खोलीकडे, आणि पडदा कायम वेडावाकडा दिसतो. हाच दोष घाईत काम करणाऱ्या कारागिराच्या हातूनही होतो. शिवून घेताना तर आणखी चुकायच्या जागा आहेत. खिडकी आपण फुटांत मोजतो आणि कापड मीटरने घेतो. सात फूट म्हणजे २.१३ मीटर, पण दुमडीचे दहा इंच विसरून लोक सव्वादोन मीटर घेतात आणि पडदा आखूड पडतो. मोठ्या नक्षीचे कापड असेल तर प्रत्येक पाट नक्षीच्या त्याच जागी कापावा लागतो. नक्षी दर २४ इंचांनी येत असेल तर वरच्या पश्चिमेच्या खिडकीला सव्वादहा मीटरऐवजी पावणेबारा मीटर कापड लागते. हे न सांगता कापले तर एका पाटावरचे फूल दुसऱ्या पाटावर वीतभर खाली दिसते. सुती कापड न भिजवता शिवले तर पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटते. ९० इंचांच्या पडद्यात तीन-साडेचार इंच. अस्तर वेगळ्या कापडाचे असेल तर दोन्ही वेगवेगळे आटतात आणि पडदा कडेने ओढला जातो. म्हणून पश्चिमेच्या खिडकीला पॉलिएस्टरच बरे. ते उन्हात सुतापेक्षा अधिक टिकते आणि आटत नाही. सुती कापडाची हौस असेल तर ती आतल्या खोलीत भागवावी, आणि आधी भिजवून.

रॉडचा खर्च दोन्ही मार्गांना सारखाच, म्हणून तुलनेत तो धरत नाहीत. पण सगळ्यात जास्त बिघाड त्याचाच होतो. सात-साडेसात फुटांचा पातळ पाऊण इंची पाइप अस्तराच्या पडद्याखाली मधोमध वाकतो. तिथे एक इंची, जाड पत्र्याचा पाइप आणि मध्ये तिसरा ब्रॅकेट हवा. रिंगा मधल्या ब्रॅकेटवरून पलीकडे जात नाहीत, म्हणून चार पाट दोन-दोन असे त्याच्या दोन्ही बाजूंना वाटावे लागतात. हे रॉड लावताना ठरवावे, पडदे आल्यावर नव्हे. कमी-जास्त होणारा दुहेरी रॉड स्वस्त आणि सोयीचा, पण जोडावर रिंगा अडकतात आणि रोज पडदा ओढणारा माणूस शेवटी ब्रॅकेटच उपटतो. चकचकीत रॉड लोखंडाला मुलामा दिलेला आहे की खरेच स्टेनलेस, हे फ्रिजवरच्या लोहचुंबकाने कळते. चुंबक घट्ट चिकटला तर आत बहुधा लोखंड आहे आणि पावसाळ्यात ब्रॅकेटच्या स्क्रूपाशी गंज दिसू लागतो. सिमेंटच्या घरात खिडकीवर काँक्रीटचा लिंटेल असतो. त्यात हॅमर ड्रिलने भोक पाडून गिट्टी बसवली की ब्रॅकेट हलत नाही. नशिराबादसारख्या गावात मातीच्या जाड भिंतींची जुनी धाब्याची घरेही आहेत. तिथे गिट्टी धरत नाही. भोक पाडताना मातीच ढासळते. तिथे आधी लाकडाची पट्टी भिंतीतल्या दाराच्या चौकटीला किंवा खणाच्या लाकडाला लांब स्क्रूंनी पक्की करावी आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर बसवावेत. अशा घरातल्या आतल्या दारांची उंचीही बाजाराच्या मापात बसत नाही. साडेपाच फुटी दाराला पाच फुटी पडदा आखूड आणि सात फुटी फरशीवर लोळणारा. तिथे हिशेब न करताही शिवून घेणे हाच मार्ग आहे, आणि एकाच पाटाचे काम असल्याने घरगुती शिवणकाम करणाऱ्या ताईही ते आनंदाने करून देतात.

शेवटचा आक्षेप तरुण घरांकडून येतो: पडदे काय आयुष्यभर ठेवायचे आहेत? तीन-चार वर्षांनी रंग बदलावासा वाटतो, घर बदलते, म्हणून तयार घ्या आणि टाका. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला हे पूर्ण लागू आहे. त्याने प्रमाण मापाचे तयार पडदे घ्यावेत, कारण पुढच्या घरातही तेच माप बसण्याची शक्यता अधिक. स्वतःच्या घरात मात्र एक मधला मार्ग आहे आणि तो फारसा वापरला जात नाही. तयार पडद्याची जोड घ्यावी आणि पांढरे अस्तर वेगळे शिवून घ्यावे. ते रिंगांच्या पट्टीच्या खाली मागच्या बाजूने बटणांनी किंवा चिकटपट्टीने लावायचे, शिवून टाकायचे नाही. उन्हाचा मारा अस्तर सोसते, पुढचा पडदा रंग धरून राहतो. पडदा बदलला तरी अस्तर राहते. धुतानाही दोन्ही वेगळे काढता येतात, आणि पाणी मोजून वापरावे लागते तिथे जड, भिजलेला, पिळता न येणारा एकत्र पडदा धुण्यापेक्षा हे सोपे. पुढच्या पडद्याचे जादा नग मात्र एकाच वेळी घेऊन ठेवावेत. सहा महिन्यांनी तोच रंग म्हणून आणलेली जोड शेजारी लावली की छटेतला फरक दिसतो. ताग्याचेही तसेच, लागणारे सगळे कापड एकाच ताग्यातून.

दिवाळीच्या आठवड्यात कारागिराकडे शिवायला टाकलेला पडदा तसाही वेळेवर मिळत नाही. सणासाठी खिडक्यांच्या पाच फुटी तयार जोड्या घ्याव्यात. पश्चिमेच्या खिडकीचा रॉड जानेवारीत बसवून घ्यावा, त्यावरून इंचात माप लिहून ठेवावे, आणि पांढऱ्या अस्तराचा पडदा फेब्रुवारीच्या सुरुवातीला शिवायला टाकावा. मार्चचे ऊन सुरू व्हायच्या आत तो रॉडवर चढलेला असतो.